रिकामा रकाना: एका लिटरेचर रिव्ह्यूचा विषय कसा ठरला

"मॅडम, गॅप सापडला. ऊसतोड बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनवर जवळजवळ काहीच रिसर्च नाही."

एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी हे सांगत माझ्या केबिनमध्ये आली तेव्हा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, जमा करायला पाच आठवडे उरले होते. मुलगी बीड जिल्ह्यातली, आधी नर्सिंग केलेली. तिच्या घरात तिची मामी आणि दोन चुलत्या अशा तिघींची पिशवी चाळिशीच्या आत काढलेली. विषयाशी तिचं नातं खरं होतं, त्यामुळे मला तिला नाउमेद करायचं नव्हतं. पण मी विचारलं, "काहीच रिसर्च नाही, तर मग तू रिव्ह्यू कशाचा करणार?"

ती गप्प झाली. दर वर्षी दोन-तीन जण तरी नेमके इथेच अडकतात. "यावर कुणी काम केलेलं नाही" हा गॅप फील्डवर्क करणाऱ्याच्या कामाचा असतो. रिव्ह्यू करणाऱ्याला उलटी परिस्थिती लागते. अभ्यास झालेले असावेत, बऱ्यापैकी असावेत, पण एका विशिष्ट प्रश्नासाठी ते कुणी शेजारी-शेजारी ठेवून वाचलेले नसावेत. तिच्या हातात पहिल्या जातीचा गॅप होता आणि तिला दुसऱ्या जातीचा हवा होता. पुढचे पाच आठवडे या एका फरकात गेले. ते कसे गेले हे इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिला शोध, आणि तो का फसला

तिने पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसाठ्यावर ऊसतोड, बीड, स्थलांतरित मजूर आणि हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन, असे चारही शब्द एकत्र टाकले होते. प्रत्येक शब्द म्हणजे एक चाळणी. चार चाळण्या एकावर एक ठेवल्या की खाली काही पडत नाही, आणि त्या रिकाम्या परातीलाच माणूस गॅप समजतो. तिच्या हाताला जे लागलं त्यात बातम्या, संस्थांचे अहवाल आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीचे आकडे होते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास १७.

हा आकडा तिने पहिल्या मसुद्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्याशेजारी ठेवला होता. चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण ३ टक्के होतं. "पाच पटींहून जास्त" असं वाक्यही तिने लिहून टाकलं होतं. मी ते खोडलं. सर्वेक्षणाच्या नमुन्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही मोजलेल्या असतात, आणि त्या वयात हे ऑपरेशन जवळजवळ होतच नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांमध्ये, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांमध्ये, बाई लग्न झालेली आणि बहुधा लेकुरवाळी असते. वयाची रचना सारखी केल्याशिवाय पट काढता येत नाही. बीडमधलं प्रमाण जास्त आहे यात मलाही शंका नाही, पण "पाच पट" हे मोजमाप नव्हे.

मग ऊस आणि बीड हे दोन्ही शब्द शोधातून काढले. तिला ते जिवावर आलं. मी म्हटलं, बीड तुझ्या प्रस्तावनेत राहू दे, चर्चेत राहू दे, फक्त शोधपेटीतून बाहेर काढ.

तीन गठ्ठे

शोध "हिस्टरेक्टॉमी आणि भारत" इतका मोकळा केल्यावर लेख भरपूर आले. ते वाचायला बसण्याआधी एक्सेलची एक शीट केली. आडव्या ओळीत एकेक लेख, उभ्या रकान्यांत जागा, वर्ष, बायका कुठून निवडल्या, वय, ऑपरेशनचं कारण, काय मोजलं, किती काळ पाठपुरावा केला. पहिल्या फेरीत तिने चाळीस लेख भरले. प्रत्येक लेखाच्या शेवटी "मर्यादा आणि पुढील संशोधनाची दिशा" असा परिच्छेद असतो, आणि तिचा सगळा भर त्यावर होता, कारण गॅप तिथे आयता लिहिलेला मिळतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी तो रकाना ठेवू दिला. चाळीस ओळी भरून झाल्यावर तीच म्हणाली, "मॅडम, सगळ्यांनी एकच लिहिलंय. मोठा नमुना हवा, दीर्घ पाठपुरावा हवा." हा परिच्छेद बहुतेक जण नियतकालिकाची रीत म्हणून लिहितात. खरी माहिती लेखाच्या पोटात, पद्धतीच्या भागात आणि तक्त्यांत असते. लेखकाने काय मोजलं नाही हे तो सांगत नाही, पण तक्त्यात ते दिसतं.

शीट भरता भरता लेख आपसूक तीन गठ्ठ्यांत पडले.

पहिला गठ्ठा सर्वेक्षणांवरच्या लेखांचा, आणि तो सर्वांत जाड. कुठल्या राज्यात प्रमाण जास्त, शिक्षण, जात, उत्पन्न, आरोग्य विमा यांचा काय संबंध, ऑपरेशन खासगी दवाखान्यात झालं की सरकारी. आंध्र आणि तेलंगणात प्रमाण सर्वांत जास्त, बहुतेक ऑपरेशनं खासगीत, निम्म्याहून जास्त बायकांनी सांगितलेलं कारण अति रक्तस्राव, हे प्रत्येक लेखात पुन्हा पुन्हा. हा गठ्ठा जाड होण्याचं कारण साधं आहे. या सर्वेक्षणाचा मूळ डेटा नोंदणी करून फुकट उतरवून घेता येतो, त्यामुळे पीएचडी करणाऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्यावर लिहितात. गॅप शोधताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: डेटा कुठे फुकट मिळतो? तिथे बहुधा गर्दी असते.

दुसरा गठ्ठा पॅथॉलॉजीवाल्यांचा. मेडिकल कॉलेजांमधून "हिस्टरेक्टॉमी नमुन्यांचा क्लिनिको-पॅथॉलॉजिकल अभ्यास" या एकाच साच्याच्या नावाने असंख्य लेख निघतात. वर्ष-दोन वर्षांत प्रयोगशाळेत आलेली गर्भाशयं, त्यात फायब्रॉइड किती, ॲडेनोमायोसिस किती, डॉक्टरांचं निदान आणि सूक्ष्मदर्शकाखालचं निदान जुळलं का. समाजशास्त्राच्या अंगाने काम करणारे हा गठ्ठा उघडतच नाहीत. माझ्या विद्यार्थिनीनेही तो "हे आपलं नाही" म्हणून शीटच्या तळाशी ढकलला होता.

तिसरा गठ्ठा ऑपरेशननंतर बाईचं काय झालं याचा. हा पातळ. कुठे हाडांची घनता, कुठे गरमीच्या लहरी आणि झोप, कुठे कंबरदुखी. बायका कमी, पाठपुरावा आखूड.

मामीचं डिस्चार्ज कार्ड

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती गावाकडून आली ती मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन. मामीने परवानगी देऊन कपाटातली प्लास्टिकची पिशवी उघडली होती आणि त्यातून जुनं डिस्चार्ज कार्ड निघालं. ऑपरेशन एका खासगी दवाखान्यातलं, वय लिहिलेलं ३४. निदानाच्या ओळीत अक्षर लागत नव्हतं, पण खाली "टीएएच विथ बीएसओ" हे स्पष्ट होतं. टीएएच म्हणजे पोट उघडून अख्खं गर्भाशय काढणं. बीएसओ म्हणजे त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढणं.

"मामीला हे माहीत होतं?"

"नाही. ती म्हणते, पिशवी काढली."

मराठीत आपण "पिशवी काढली" म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात दोन वेगळी ऑपरेशनं लपतात. नुसतं गर्भाशय गेलं तर पाळी बंद होते, पण अंडाशय इस्ट्रोजेन तयार करत राहतात. परदेशातल्या पाठपुरावा अभ्यासांत तेही थोडे लवकर थकताना दिसले आहेत, तरी काही वर्षं ते काम करतात. दोन्ही अंडाशय गेले तर शरीर त्याच दिवशी रजोनिवृत्तीत जातं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात, ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तिथल्याच नर्सेस हेल्थ स्टडीत अंडाशय काढलेल्या बायकांना स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग कमी, पण हृदयविकार जास्त आणि एकूण मृत्यूही जास्त, असं दिसलं. म्हणजे अंडाशय ठेवले की काढले ही पुढच्या तीस वर्षांच्या तब्येतीची बाब आहे.

मी तिला म्हटलं, शीटमध्ये एक रकाना वाढव: अंडाशयाचं काय झालं ते लिहिलंय का. आणि चाळीसही लेख परत उघड.

दोन दिवसांनी ती शीट घेऊन आली. पहिल्या गठ्ठ्यासमोर तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. कारण शोधायला आम्ही थेट सर्वेक्षणाची प्रश्नावली काढली. त्यात या ऑपरेशनबद्दल चार गोष्टी विचारल्या आहेत: गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं आहे का, किती वर्षांपूर्वी, कुठे, आणि का. अंडाशयाचा प्रश्नच नाही. मग त्यावर पन्नास लेख लिहा नाहीतर पाचशे, तो रकाना भरणार नाही. आणि विचारला असता तरी मामीने काय उत्तर दिलं असतं?

दुसऱ्या गठ्ठ्यात, जो तिने तळाशी ढकलला होता, तोच रकाना भरलेला होता. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर नमुना येतो तो अंडाशयासह आला की त्याशिवाय, हे त्याला नोंदवावंच लागतं. पण तिथे बाई कोण, कुठल्या कामाची, पुढे तिचं काय झालं, याचा पत्ता नाही. तिचं अस्तित्व प्रयोगशाळेच्या रजिस्टरमधल्या एका क्रमांकापुरतं. तिसऱ्या गठ्ठ्यात काहींनी नोंद केली होती, काहींनी दोन्ही प्रकारच्या बायका एकत्रच मोजल्या होत्या.

म्हणजे एका गठ्ठ्याला बाई दिसते पण अंडाशय दिसत नाहीत, दुसऱ्याला अंडाशय दिसतात पण बाई दिसत नाही, आणि दोघं एकमेकांचे लेख वाचत नाहीत. गॅप त्या दोघांच्या मधोमध होता. अभ्यास होते, रिव्ह्यूला पुरेल इतके होते, फक्त एका टेबलावर आलेले नव्हते.

गॅप खरा आहे का, हे तपासणं

आता घाई करायची नव्हती. कोरा रकाना तीन कारणांनी कोरा असू शकतो. आपण नीट शोधलं नाही, आधीच कुणी करून ठेवलंय, किंवा त्याने काही फरक पडत नाही म्हणून कुणी केलं नाही. तिसऱ्याचं उत्तर वर आलं आहे. पहिल्या दोन्हींसाठी काम करावं लागलं.

शोधाची ओळ तिने पहिल्यांदा अशी लिहिली:

```
(hysterectomy[MeSH Terms] OR hysterectom*[tiab])
AND (ovariectomy[MeSH Terms] OR oophorectom*[tiab] OR ovar*[tiab])
AND (India[MeSH Terms] OR India*[tiab])
```

दिसायला नीटनेटकी, पण मधली ओळ आमचा विषयच मारून टाकत होती. आम्हाला पाहायचं होतं की किती लेखांनी अंडाशयाचा उल्लेख केला आणि किती जणांनी केला नाही. "अंडाशय" हा शब्द सक्तीचा केला की उल्लेख न करणारे सगळे लेख शोधातूनच गळतात आणि उरलेल्यांत नोंद उत्तम दिसते. शिवाय पबमेडचा `tiab` फक्त शीर्षक, सारांश आणि लेखकांनी दिलेले कीवर्ड बघतो. पॅथॉलॉजीच्या लेखांत बीएसओची संख्या पुष्कळदा आतल्या तक्त्यात असते. मधली ओळ काढली. लेख खूप वाढले, चाळायचं काम वाढलं, पण दुसरा मार्ग नव्हता. (आणि `India*` मधला तारा अमेरिकेतलं इंडियाना राज्यही उचलून आणतो. तो काढून `India[tiab] OR Indian[tiab]` केलं. अमेरिकन इंडियन बायकांचे लेख तरीही येतात, ते हातानेच वगळायचे.)

पबमेडवर थांबून चाललं नसतं. क्लिनिको-पॅथॉलॉजिकल लेखांतले बरेचसे ज्या भारतीय नियतकालिकांत छापून येतात ती तिथे नाहीत. त्यासाठी गुगल स्कॉलर, आणि प्रबंधांसाठी शोधगंगा.

"आधीच कुणी करतंय का" हे पाहायला सगळे प्रॉस्पेरोवर जातात, कारण सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची नोंदणी तिथे होते. पण प्रॉस्पेरो स्कोपिंग रिव्ह्यू घेत नाही. ते करणारे लोक आपला आराखडा बहुधा ओएसएफ या खुल्या संशोधन-संकेतस्थळावर ठेवतात. आमचा प्रश्न "कोण काय नोंदवतं" असा, म्हणजे स्कोपिंगच्याच जातीचा, त्यामुळे आमचा प्रतिस्पर्धी असलाच तर ओएसएफवर असणार होता. दोन्हीकडे पाहिलं. हिस्टरेक्टॉमीचं प्रमाण आणि कारणं यांवर काम दिसलं, अंडाशयाच्या नोंदीचा प्रश्न घेऊन बसलेलं कुणी त्या दिवशी दिसलं नाही. शोधाची तारीख आणि वापरलेली ओळ शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

दहा लेखांची चाचणी

विषय ठरल्यासारखा वाटला की मी विद्यार्थ्यांना दहा लेख पूर्ण वाचून माहिती उतरवायला लावते. बहुतेकांना हे आवडत नाही. तिलाही आवडलं नाही, आणि तिचा विषय इथेच एकदा मोडला.

तिने वयाची अट ४५ वर्षांखाली अशी घेतली होती, मेयोच्या अभ्यासाला धरून. पण पॅथॉलॉजीचे लेख वय दहा-दहा वर्षांच्या गटांत देतात: ३१ ते ४०, ४१ ते ५०. त्यातून ४५ च्या खालच्या बायका वेगळ्या काढता येत नाहीत. दहापैकी पाच लेख पॅथॉलॉजीचे होते, आणि पाचही तिथेच अडले. लेखकांना पत्र लिहून मूळ आकडे मागवू, असं ती म्हणाली. एखाद-दुसऱ्या लेखापुरतं ते ठीक असतं. अख्ख्या गठ्ठ्यासाठी चार महिन्यांत नाही.

मग मर्यादा ४० वर आणली. गटांची सीमा तिथेच पडते, आणि चाळिशीच्या आत अंडाशयांचं काम थांबणं याला वैद्यकातही अकाली असंच म्हणतात, त्यामुळे ही अट सोयीसाठी ओढूनताणून आणली असंही होत नाही. ४१ ते ४४ मधल्या बायका मात्र सुटल्या. हे तिने मर्यादेत लिहिलं, आणि का सुटल्या तेही लिहिलं.

दुसरी अडचण: "ऑपरेशननंतरचं आरोग्य" हे शब्द तिने शीर्षकात घातले होते. तिसऱ्या गठ्ठ्यातले तीन लेख वाचल्यावर दिसलं की एकाने हाडं मोजली, एकाने झोप, एकाने लैंगिक संबंध. हे एकत्र बेरजेला घेता येत नाही. मेटा-ॲनालिसिसचं स्वप्न तिथे संपलं. तिला जरा वाईट वाटलं, कारण वर्गात सगळ्यांना आलेखावरचे ते चौकोन आणि शंकरपाळं काढायचं असतं. शेवटी प्रश्न असा उतरला: भारतात ४० किंवा त्याहून कमी वयात गर्भाशय काढलेल्या बायकांवरच्या अभ्यासांत अंडाशय ठेवले की काढले याची नोंद कोण करतं, कशी करतं, आणि ज्यांनी केली त्यांनी त्या दोन गटांत पुढे काय मोजलं? स्कोपिंग रिव्ह्यू, आणि तो अशा रिव्ह्यूसाठीच्या प्रिझ्मा-एससीआर या मार्गदर्शक चौकटीत.

सिनॉप्सिस तपासणाऱ्या समितीपुढे तिला विचारलं गेलं, "यात ऊसतोड बायका कुठे गेल्या?" तिने सांगितलं की त्यांच्यावरचे अभ्यास इतके थोडे आहेत की रिव्ह्यू फक्त त्यांच्यावर उभा राहत नाही, पण बाईचं काम किंवा स्थलांतर नोंदवलं आहे का, असा एक रकाना तिच्या तक्त्यात आहे. दुसऱ्या परीक्षकांनी सिनॉप्सिसमधल्या "या विषयावर कोणताही अभ्यास झालेला नाही" या वाक्याखाली रेघ मारली. मी ते दोनदा वाचूनही माझ्या नजरेतून सुटलं होतं, हे मान्य करते. त्या जागी शोधाच्या तारखेपर्यंत, या-या ठिकाणी, या शब्दांनी असा रिव्ह्यू आढळला नाही, असं वाक्य आलं. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात तोच शोध पुन्हा चालवायचा, हेही आराखड्यात लिहिलं.

मंजुरी मिळाल्यावर तिने मला न विचारता शीटमध्ये आणखी एक रकाना घातला: अंडाशय काढल्याचं बाईला माहीत होतं का. मी पाहिलं तेव्हा त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. "याचा रिव्ह्यू नाही होणार ना मॅडम?" तीच म्हणाली. मी म्हटलं, नाही, यासाठी दारोदार जाऊन कपाटातल्या पिशव्या उघडायला लागतील. तिने तो रकाना पिवळा केला आणि शीटच्या अगदी शेवटी सरकवून ठेवला.